सबस्क्रायबरचा आकडा १.२४ लाखांवरच का थांबतो आणि खरा आकडा कुठे दिसतो?

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे, गणपतीच्या आगमनाचे, खानापूर भागातल्या भजन-कीर्तनाचे व्हिडिओ टाकणारी यूट्यूब चॅनेलं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशी सगळीकडे आहेत. ती चालवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "महिना झाला, आकडा जागचा हलेना झालाय बघा." दुसरी तक्रार तिच्या अगदी उलट असते: "काल १.२४ लाख होते, आज १.२३. एका रात्रीत हजार लोक गेले कुठं?"

बहुतेक वेळा महिनाभर चॅनेल वाढतच असतं, आणि एका रात्रीत गेलेले लोक हजार नसून जेमतेम दहा-बारा असतात. यूट्यूब सगळ्यांना जो आकडा दाखवतं तो कापलेला असतो, आणि तो कापण्याचा नियम ठरलेला आहे. तो नियम समजला की नुसता बाहेरचा आकडा पाहूनही बरंच काही ओळखता येतं.

## तीनच अंक दिसतात

सबस्क्रायबर १,००० पेक्षा कमी असतील तर यूट्यूब पूर्ण आकडा दाखवतं. ७३६ असतील तर ७३६ च दिसतात. हजार झाले की डावीकडचे पहिले तीन अंक तेवढे ठेवले जातात आणि पुढच्या सगळ्यांच्या जागी शून्य धरलं जातं. म्हणजे ४,२२७ सबस्क्रायबर असलेलं चॅनेल ४.२२ हजार दिसतं, ३७,८५९ असलेलं ३७.८ हजार आणि १,२४,३८७ असलेलं १.२४ लाख. गणितात या ठेवलेल्या अंकांना सार्थ अंक म्हणतात. आपण त्यांना 'दिसणारे तीन अंक' म्हणू.

मोबाइलच्या भाषेप्रमाणे या आकड्याचा वेश बदलतो. एकाच्या फोनवर 124K दिसेल, शेजारी बसलेल्याच्या फोनवर १.२४ लाख. आपल्या भागात एकाच घरात एक फोन मराठीत, एक कन्नडमध्ये आणि एक इंग्रजीत असतो, त्यामुळे आकडा वेगळा दिसतो म्हणून वाद होतात. दिसणारे तीन अंक तपासा, ते सारखेच निघतील.

पण तीनच अंक का? वजनाच्या काट्याचं उदाहरण घेऊ. शहापूरच्या सराफाचा काटा मिलिग्रॅमचा फरक दाखवतो. किराणा दुकानातला काटा ग्रॅमांत बोलतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचा ट्रॅक्टर चढला की आकडा साधारण १० किंवा २० किलोंच्या टप्प्याने सरकतो. त्या ट्रॉलीत कुणी एक ऊस जास्त टाकला तर काट्याला त्याची खबर लागत नाही, आणि त्या मापाला ती लागण्याची गरजही नसते. माल जितका मोठा, तितका काट्याचा टप्पा मोठा.

यूट्यूबचा काटाही असाच टप्पे बदलतो. १,००० ते ९,९९९ या पट्ट्यात दिसणारा आकडा दहा-दहाने पुढे जातो. १०,००० पासून ९९,९९९ पर्यंत शंभर-शंभरने. एक लाख झाले की टप्पा हजाराचा होतो, दहा लाखांनंतर दहा हजारांचा, एक कोटीनंतर एक लाखाचा. कुठल्याही पट्ट्यात दिसणारा आकडा आणि खरा आकडा यांतला फरक १ टक्क्यापेक्षा कमीच राहतो. सर्वांत जास्त फरक पट्ट्याच्या सुरुवातीला पडतो. १,००,९९९ सबस्क्रायबर असताना १ लाख दिसतात, म्हणजे ९९९ जण झाकलेले. पट्ट्याच्या शेवटी ९,९९,९९९ असतानाही तेवढेच ९९९ झाकलेले असतात, पण दहा लाखांच्या मानाने ते किरकोळ.

## ३९ पूर्ण, ४० चालू

आकडा जवळच्या पूर्ण संख्येकडे नेणं वेगळं आणि खालच्या टप्प्यावर ठेवणं वेगळं. शाळेत शिकलेलं पूर्णांकन लावलं तर १,२४,९९० चे १.२५ लाख व्हायला हवेत. यूट्यूब तसं करत नाही. ते नेहमी खालच्या टप्प्यावर थांबतं. १,२४,९९९ असले तरी १.२४ लाखच दिसणार आणि पुढचा एक माणूस आला की मगच १.२५.

आपण वय सांगतो तसंच हे. ३९ वर्षं ११ महिन्यांच्या माणसाला गप्पांत "चाळिसावं चालू" म्हणतात, पण अर्जावर '३९ पूर्ण' लिहावं लागतं. यूट्यूबचा आकडा 'पूर्ण'वाला आहे, 'चालू'वाला नाही.

या पद्धतीचा एक फायदा आहे. बाहेर १ लाख दिसत असतील तर आत किमान एक लाख आहेत, ही खात्री धरता येते. जवळच्या संख्येकडे नेलं असतं तर ९९,९६० वालं चॅनेलही लाखाचं मिरवलं असतं. खाली कापल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, जास्त नाही. कुणाच्या चॅनेलवर १.२४ लाख पाहिलंत तर खरा आकडा १,२४,००० ते १,२४,९९९ यांच्यामध्ये कुठेतरी आहे असं वाचायचं.

## लाख ओलांडल्यावर चॅनेल 'अडकतं' ते का

एक हिशोब करून पाहू. समजा बेळगावातल्या चित्ररथांचे व्हिडिओ टाकणारं एक चॅनेल आहे. आज त्याचे ९९,४०० सबस्क्रायबर आहेत आणि येणारे-जाणारे वजा करून रोज सरासरी २० वाढतात.

लाखाच्या आत टप्पा शंभराचा आहे. रोजच्या २० प्रमाणे शंभर भरायला पाच दिवस लागतात. म्हणून चॅनेलवाल्याला दर पाच दिवसांनी आकडा हललेला दिसतो: ९९.४, मग ९९.५, मग ९९.६. पाचव्या दिवशी फोन उघडला की काहीतरी नवीन दिसणार, याची सवय लागते. ६०० लोक कमी आहेत, तेव्हा तिसाव्या दिवशी लाख पूर्ण होतात, पेढे वाटले जातात.

आता टप्पा हजाराचा झाला. वाढ तीच, रोज २०. पण १.०१ लाख दिसायला १,००० लोक यावे लागतात, म्हणजे ५० दिवस. लाख झाल्यापासून पन्नास दिवस बाहेरचा आकडा तसूभर हलत नाही. पाच दिवसांची सवय असलेल्या माणसाला वाटतं की लाख झाले आणि यूट्यूबने चॅनेल दाबून टाकलं. मग कुणी शीर्षकं बदलतो, कुणी जुने व्हिडिओ काढून टाकतो, कुणी सबस्क्रायबर विकत घेण्याच्या नादी लागतो. वाढ मात्र आधीच्याच वेगाने चालू असते. काटा तेवढा बदललेला असतो.

हाच प्रकार १०,००० ओलांडल्यावर आणि पुढे दहा लाखांवरही होतो. त्या प्रत्येक ठिकाणी टप्पा एकदम दहापट होतो.

आता उलट बाजू. तेच चॅनेल पुढे १,२४,००३ वर पोचलं आहे. यूट्यूब वेळोवेळी बंद झालेली आणि बनावट खाती आकड्यातून काढून टाकतं. अशा सफाईत १० खाती गेली तर आकडा १,२३,९९३ होतो. बाहेर मात्र १.२४ लाखांचे १.२३ लाख होतात. दहा माणसं गेली आणि दिसायला हजार गेली.

दोन चॅनेलांची तुलना करतानाही हीच फसगत होते. एकाचे १,२४,००३ आणि दुसऱ्याचे १,२३,९९३ असतील तर फरक दहाचा, पण लोक हजाराचा फरक धरून बोलतात. तिसऱ्या चॅनेलचे १,२४,०१० आणि चौथ्याचे १,२४,९९० असतील तर फरक ९८० चा, पण दोन्ही सारखीच दिसतात. तीन अंकांवरून 'कोण पुढे' हे ठरवायचं असेल तर निदान दोन टप्प्यांचं अंतर दिसेपर्यंत थांबावं. दोन टप्पे दिसले की एका टप्प्यापेक्षा जास्त फरक आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

## यूट्यूबने हे का केलं?

पूर्वी असं नव्हतं. कॉम्प्युटरवर चॅनेलच्या पानावर पूर्ण आकडा दिसायचा आणि मोबाइलवर बऱ्याच ठिकाणी छोटा केलेला. मे २०१९ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की यापुढे सगळीकडे एकच छोटा आकडा दिसेल, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये बदल अमलात आणायला सुरुवात केली. त्यांनी कारणं दोन दिली. एक, सगळीकडे आकडा सारखा दिसावा. दुसरं, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या जाहीर आकड्याकडे डोळे लावून बसल्याने व्हिडिओ बनवणाऱ्यांवर जो ताण येतो तो कमी व्हावा.

दुसरं कारण समजायला त्या आधीचे काही महिने आठवावे लागतात. २०१८ च्या शेवटापासून २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडची टी-सीरिज आणि स्वीडनचा प्यूडीपाय यांच्यात पहिल्या क्रमांकाची चढाओढ चालू होती. त्या दोघांचे आकडे शेजारी शेजारी दाखवणारी थेट प्रक्षेपणं दिवसरात्र चालायची आणि लोक क्रिकेटच्या धावफलकासारखी ती पाहत बसायचे. अखेर टी-सीरिज पुढे गेली आणि मे २०१९ च्या अखेरीला १० कोटींवर पोचली. त्याच मे महिन्यात अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांवर बोलणाऱ्या दोन यूट्यूबरांचं भांडण जाहीर झालं, आणि त्यांतल्या एकाचे लाखो सबस्क्रायबर काही दिवसांत उतरताना लोकांनी थेट पाहिले.

हा बदल एका बाबतीत बरोबर आहे असं वाटतं आणि एका बाबतीत अपुरा. बरोबर अशासाठी की एक टक्क्याच्या आतल्या फरकाला प्रेक्षकाच्या लेखी खरंच अर्थ नसतो. अपुरा अशासाठी की टप्प्याची रेष ओलांडताना तोच फरक दहा-शंभरपट मोठा भासतो, आणि हे पडद्यावर कुठेच समजावलेलं नाही. ताण कमी करायला आणलेली पद्धत न समजल्यामुळे नवाच ताण देते.

## मग व्ह्यूज पूर्ण कसे दिसतात?

रास्त शंका आहे. व्हिडिओच्या खाली वर्णन उघडलं की त्या व्हिडिओचे व्ह्यूज शेवटच्या अंकापर्यंत दिसतात. चॅनेलच्या माहितीत एकूण व्ह्यूजही पूर्ण दिसतात. कापलेला असतो तो सबस्क्रायबरचा आकडा. तेव्हा अचूक आकडा दाखवणं यूट्यूबला जमत नाही असं मुळीच नाही. एक आकडा जाहीर ठेवायचा आणि दुसरा जाहीरपणे कापायचा, हा ठरवून घेतलेला निर्णय आहे.

पैशांशी जोडलेले सगळे निकष आतल्या खऱ्या आकड्यावर चालतात. कमाईच्या कार्यक्रमात शिरण्याची पायरी ५०० सबस्क्रायबरची आहे आणि जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० ची, सोबत व्हिडिओ पाहिले गेल्याच्या तासांच्या किंवा शॉर्ट्सच्या व्ह्यूजच्या अटी असतात. हजाराच्या आत पूर्ण आकडा दिसत असल्याने या दोन्ही पायऱ्यांवर शंकेला जागा उरत नाही. १ लाखाचं चांदीचं आणि १० लाखांचं सोनेरी बटण यांचंही तसंच. ते आतल्या आकड्यावर ठरतं, आणि आकडा खालीच कापला जात असल्याने बाहेर लाख दिसण्याच्या वेळी आतही लाख झालेले असतात.

## आकडा पूर्ण लपवता येतो का?

पूर्वी यायचा. २९ जुलै २०२२ पासून ती सोय बंद झाली, कारण दुसऱ्याच्या नावाने बनावट चॅनेल काढणारे आपला फुसका आकडा लपवून मूळ चॅनेल असल्याचं भासवायचे.

## अचूक आकडा कुठे पाहायचा

फक्त एका ठिकाणी: यूट्यूब स्टुडिओमध्ये, आणि तोही चॅनेलच्या मालकाला किंवा मालकाने परवानगी दिलेल्यांना. नेहमीच्या यूट्यूब अॅपमध्ये स्वतःचं चॅनेल उघडलं तरी मालकालाही तीनच अंक दिसतात. निम्मे लोक इथेच चुकतात. लाल चिन्हाच्या अॅपमध्ये खरा आकडा शोधत राहतात.

मोबाइलवर YouTube Studio हे वेगळं अॅप उतरवून घ्यावं लागतं. त्यात आल्यावर पहिल्याच Dashboard पडद्यावर, चॅनेलच्या नावाखाली एकूण सबस्क्रायबरचा पूर्ण आकडा दिसतो.

कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये studio.youtube.com उघडा आणि लॉगिन करा. Dashboard वर Channel analytics नावाच्या चौकोनात Current subscribers खाली पूर्ण आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो क्षणाक्षणाला बदलताना पाहायचा असेल तर डावीकडच्या यादीतून Analytics वर जा, Overview मध्येच रहा आणि उजव्या बाजूच्या Realtime चौकोनात सबस्क्रायबरच्या आकड्याखालचं See live count दाबा. लाख पूर्ण व्हायच्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात पडद्यावर लावायचा आकडा हाच.

इथे तीन गोष्टी हमखास गडबडतात. पहिली, चुकीचं खातं. एकाच ईमेलखाली दोन-तीन चॅनेल असली की स्टुडिओ भलत्याच चॅनेलवर उघडतं आणि १ लाखाऐवजी १२ सबस्क्रायबर दिसून पोटात गोळा येतो. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबून Switch account मधून योग्य चॅनेल निवडा.

दुसरी, भलताच आकडा वाचणं. Analytics च्या Overview मध्ये Views, Watch time यांच्या शेजारी Subscribers लिहून +412 सारखं काहीतरी असतं. तो एकूण आकडा नव्हे, वर निवडलेल्या काळातली निव्वळ वाढ आहे. काळ बहुधा २८ दिवसांचा असतो. आपलं चॅनेल अडकलं आहे की नाही याचं उत्तर मात्र याच आकड्यात आहे. आपल्या उदाहरणातल्या चॅनेलवाल्याने लाखानंतरच्या पन्नास दिवसांत इथे पाहिलं असतं तर २८ दिवसांना सुमारे ५६० ची वाढ दिसली असती, म्हणजे रोजचे तेच २०.

तिसरी, दोन आकड्यांचं न जुळणं. आलेख आणि तक्ते साधारण ४८ तास मागे असतात, कारण त्या काळात बनावट सबस्क्रिप्शनांची छाननी होते. कालच्या आकड्यात आजची वाढ मिळवून थेट आकडा येतो का, हे पडताळत बसलात तर बेरीज बसणार नाही. दोन दिवसांनी तीच बेरीज करून पहा.

## नावांची यादी मोजली तर?

स्टुडिओच्या Dashboard वर Recent subscribers मध्ये नव्या सबस्क्रायबरांची नावं दिसतात, आणि See all दाबलं की मोठी यादी उघडते. ती मोजून एकूण आकडा काढायचा प्रयत्न करू नका. आपण कोणती चॅनेलं सबस्क्राइब केली आहेत हे ज्यांनी जाहीर ठेवलं आहे, तेवढ्यांचीच नावं तिथे येतात. बहुतेकांच्या खात्यात ती माहिती खाजगी असते. म्हणून काकांनी समोर बसून सबस्क्राइब केलं आणि तरी यादीत नाव आलं नाही, तर काकांवर शंका घेऊ नये. त्यांचा एक आकडा एकूणात धरला गेलेला असतो.

## बाहेरच्या साइटवर तर पूर्ण आकडा पळताना दिसतो!

दिसतो, पण तो अंदाज असतो. बाहेरच्या साइट आणि अॅप यूट्यूबला आकडा विचारतात तो एका ठरलेल्या दारातून. प्रोग्रामने प्रोग्रामला माहिती विचारण्याच्या या दाराला एपीआय म्हणतात. आपल्या १,२४,३८७ वाल्या चॅनेलबद्दल विचारलं तर उत्तर असं येतं:

```
"statistics": {
  "subscriberCount": "124000",
  "hiddenSubscriberCount": false
}
```

शेवटची तीन शून्यं बघा. ३८७ त्या दारातून बाहेर येतच नाहीत. चॅनेलच्या मालकाने स्वतःच्या खात्याची परवानगी देऊन विचारलं तरी या ठिकाणी 124000 च मिळतं. जिथे खुद्द मालकालाही तीनच अंक मिळतात, तिथे परक्या साइटला १,२४,३८७ कुठून मिळणार?

मग ते पळणारे अंक कुठून येतात? हिशोबाने. समजा आकडा १.२३ लाखांवर आला त्याला पन्नास दिवस झाले आणि आज तो १.२४ झाला. पन्नास दिवसांत हजार, म्हणजे रोज २०. आजपासून पुढे दर दिवसाला २० मिळवत राहिलं की एक सफाईदार, सतत चढणारा आकडा तयार होतो. लोक एकदम येतात, एकदम जातात, एखादा व्हिडिओ चालतो, एखादा पडतो. यातलं काहीच त्या हिशोबात नसतं. पुढचा टप्पा पडला की साइटला आपला आकडा सुधारून घ्यावा लागतो, तेव्हा तो अचानक उडी मारतो किंवा मागे येतो. आकडा अगदी एकसारख्या वेगाने चढत असेल आणि मध्येच झटका खात असेल तर तो अंदाज आहे हे ओळखावं. स्वतःचं चॅनेल असेल तर परीक्षा आणखी सोपी: साइट आणि स्टुडिओचं See live count शेजारी उघडून ठेवा.

या हिशोबातून एक उपयोगी गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. बाहेरच्या माणसालाही एका क्षणी जवळजवळ अचूक आकडा कळतो, तो म्हणजे टप्पा बदलण्याचा क्षण. १.२३ चे १.२४ नुकतेच झाले असतील तर आत १,२४,००० आणि वर थोडेच आहेत. दुसऱ्या कुणाच्या चॅनेलची वाढ मोजायची असेल तर टप्पे बदलल्याच्या तारखा वहीत लिहून ठेवा. दोन तारखांमधल्या दिवसांनी त्या पट्ट्याच्या टप्प्याला, इथे हजाराला, भागलं की रोजची सरासरी हाती येते.

## दुकानदाराने आकडा कसा तपासायचा?

गणपत गल्लीतल्या कुंदा विकणाऱ्याला किंवा खानापूरच्या कापड दुकानदाराला एखाद्या चॅनेलवर जाहिरात द्यायची असते. चॅनेलवाला व्हॉट्सअॅपवर स्टुडिओचा स्क्रीनशॉट पाठवतो. तो पुरावा धरू नये. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा कुठलाही आकडा दोन मिनिटांत खोडून दुसरा लिहिता येतो. त्याला कसलंही कसब लागत नाही, आणि पान पुन्हा लोड होईपर्यंत तो खराच भासतो.

समोरासमोर भेट असेल तर चॅनेलवाल्याच्या फोनवर स्टुडिओ अॅप उघडायला सांगा आणि पडदा बोटाने खाली ओढून ताजा करायला लावा. मग स्वतःच्या फोनवर तेच चॅनेल यूट्यूबवर उघडून पहिले तीन अंक जुळतात का ते बघा. अंक जुळले नाहीत तर टप्प्याच्या रेषेवर असल्याचं कारण खरं असू शकतं, पण तेव्हा आतला आकडा १,२३,९९५ किंवा १,२४,००६ असा रेषेला चिकटलेला हवा. आत १,३१,००० आणि बाहेर १.२४ लाख, असं होत नाही.

व्यवहार मोठा किंवा अनेक महिन्यांचा असेल तर पाहण्याची परवानगी मागावी. चॅनेलवाल्याने कॉम्प्युटरवर स्टुडिओत Settings मध्ये जाऊन Permissions उघडायचं, Invite दाबून दुकानदाराचा ईमेल लिहायचा आणि अधिकारांच्या यादीतून Viewer (limited) निवडून Done आणि मग Save करायचं. दुकानदाराला ईमेल येतो. तो स्वीकारला की त्याला आपल्याच खात्यातून त्या चॅनेलचा अचूक आकडा आणि आलेख दिसतात. त्याला काही बदलता येत नाही आणि चॅनेलची कमाईही दिसत नाही. साध्या Viewer मध्ये कमाई दिसते, तेव्हा निवडताना तो limited शब्द नीट पाहून घ्यावा. पासवर्ड देण्याची गरज कुठेच पडत नाही, आणि करार संपला की त्याच Permissions मधून चॅनेलवाल्याने दुकानदाराचं नाव काढून टाकायचं.